थांबून राहिलेला पैसा आणि व्याजाचा दर

वाणिज्य शाखेत शिकलेल्या माझ्या पिढीतल्या बहुतेकांना ‘रोखता पसंती सिद्धांतातील तीन हेतू स्पष्ट करा’ हा प्रश्न तोंडपाठ असेल. लोक पैसा हाताशी का धरून ठेवतात याची कारणे म्हणून व्यवहार हेतू, दक्षता हेतू आणि सट्टेबाजीचा हेतू असे तीन मथळे घालायचे, प्रत्येकाखाली चार-चार ओळी लिहायच्या, शेवटी उजवीकडे उतरत जाणारा एक वक्र काढायचा आणि गुण पदरात पाडून घ्यायचे. तपासणारे तिन्ही हेतूंना सारखेच गुण देत असल्यामुळे ते तिन्ही एकाच जातीचे आहेत असा समज सहज होतो. पुढे नोकरीची वर्षे बँकेत गेली, आधी खानदेशातल्या शाखेत आणि नंतर मुंबईत रोख्यांच्या खरेदी-विक्रीच्या विभागात, आणि त्या अनुभवातून माझे मत असे बनले की पहिले दोन हेतू एका बाजूला आहेत आणि तिसरा अगदी दुसऱ्या बाजूला. पहिल्या दोघांची भूक नोटा पुरवून भागवता येते. तिसरा हेतू मात्र उद्याच्या व्याजदराविषयीच्या लोकांच्या मतावर जगतो, आणि मत काही टांकसाळीत छापता येत नाही.

मूळ प्रश्न साधा आहे. घरात, गल्ल्यात किंवा चालू खात्यात पडून असलेल्या पैशावर व्याज मिळत नाही. तोच पैसा रोख्यात घातला तर मिळते. मग शहाणी माणसे पैसा पैशाच्याच रूपात का ठेवतात? जॉन मेनार्ड केन्स यांनी 1936 साली या प्रश्नातूनच व्याजाची उपपत्ती मांडली. त्याआधीची समजूत अशी होती की व्याज हे बचतीचे बक्षीस आहे. केन्स यांचे म्हणणे असे की नोटा गाडग्यात पुरून ठेवणाराही बचतच करत असतो, पण त्याला छदामही व्याज मिळत नाही; तेव्हा व्याज हा बचत करण्याचा नव्हे, तर हातातला पैसा ठरावीक मुदतीसाठी सोडून देण्याचा मोबदला आहे. लोकांना जितका पैसा हाताशी हवा असतो आणि प्रत्यक्षात जितका उपलब्ध असतो, त्या दोहोंचा मेळ ज्या दराला बसतो तो व्याजाचा दर.

व्यवहार हेतूचा हिशेब घरच्या घरी करता येतो. महिन्याच्या एक तारखेला तीस हजार पगार होतो आणि तो रोज सारखा खर्च होत महिनाअखेरीस संपतो असे धरले, तर सरासरीने त्या घरात पंधरा हजार रुपये पडून असतात. त्याच माणसाला दर आठवड्याला साडेसात हजार मिळू लागले, तर उत्पन्न आणि खर्च काहीच न बदलता ही सरासरी पावणेचार हजारांवर येते. म्हणजे ही रक्कम व्याजदरापेक्षा उत्पन्नावर आणि पैसे हाती येण्याच्या रिवाजावर अवलंबून असते. बचत खात्याचे व्याज अर्ध्या टक्क्याने वाढले म्हणून कोणी किराण्याचे पैसे बाजूला काढून गुंतवत नाही.

पण शेतीच्या मुलखात हा रिवाज ऋतूंच्या हाती असतो. खानदेशातल्या आमच्या शाखेत दिवाळीच्या आसपास कापूस बाजारात उतरू लागला की कॅशियरचा चेहराच बदलून जाई. व्यापारी जिनिंगच्या दारात गाडी मोजून घेत आणि शेतकऱ्याला रोख हवी असे, तीही अशा नोटांत ज्या त्याला लगेच मजुरांच्या हातावर ठेवता येतील. आदल्या दिवशी रिझर्व्ह बँकेच्या नोटांचा साठा सांभाळणाऱ्या करन्सी चेस्टकडे मागणी नोंदवायची, दुपारी गाडी येईपर्यंत काउंटरवरच्या रांगेची समजूत काढायची आणि संध्याकाळी शाखेची रोख शिल्लक मर्यादेत आणायची, असा तो काळ असे. फेब्रुवारी-मार्चकडे तीच रोख दुकानदार, कृषी केंद्रे आणि सोसायटीच्या कर्जवसुलीतून हळूहळू परत येऊ लागे. उन्हाळ्यात तोच कॅशियर निवांत पेपर वाचत बसलेला दिसे.

आमच्या काळात या भरती-ओहोटीने व्याजाचा दर हलत नसे. शंभर वर्षांपूर्वी मात्र तो चांगलाच हलत असे, आणि ते टिपून ठेवणाऱ्यांपैकी एक खुद्द केन्सच होते. लंडनच्या इंडिया ऑफिसात 1906 ते 1908 अशी दोन वर्षे त्यांनी नोकरी केली. भारतात ते कधी आले नाहीत, पण 1913 साली त्यांचे पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले ते हिंदुस्थानच्या चलनव्यवस्थेवर. त्यात एक कोडे आहे. पावसाळ्यात कलकत्ता आणि मुंबईच्या इलाखा बँकांचा दर तीन-चार टक्क्यांवर उतरे, आणि हंगाम सुरू झाला की तोच सात-आठ टक्क्यांवर जाई. दरवर्षी, न चुकता. उधारी बुडण्याची भीती तितकीच, गिऱ्हाईक तेच आणि गोदामातली कापसाची गाठही तीच असूनही असे होत असे.

कारण असे की मुंबईच्या पेढ्यांना हंगामात खानदेश-वऱ्हाडाकडे चांदीचे रुपये पाठवावे लागत, आणि ते जिथे जात तिथे महिनोन्महिने फिरत राहत. नोटा काढण्याचा अधिकार 1861 च्या कायद्यानंतर इलाखा बँकांकडे उरला नव्हता. सरकारी नोटा एका ठरावीक मर्यादेपलीकडे काढायच्या तर त्यामागे पूर्ण किमतीचे धातू ठेवावे लागत. वर आणखी एक गंमत होती: सारावसुलीचे हप्तेही याच महिन्यांत पडत आणि तो पैसा सरकारी खजिन्यांत बंद होऊन बसे, म्हणजे बाजाराला ज्या वेळी पैशाची सर्वांत जास्त गरज असे नेमक्या त्याच वेळी सरकार तो बाजारातून ओढून घेई. मागणी वाढली, पुरवठा ताठर राहिला, मग जो उरलासुरला पैसा मुंबईत होता तो धरून ठेवणाऱ्याने तो सोडण्याची किंमत वाढवली. व्यवहार हेतू व्याजदर कसा हलवतो याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

1935 साली रिझर्व्ह बँक स्थापन झाली आणि पुढच्या दशकांत हे चित्र हळूहळू पालटले. आज लोकांनी सणासुदीला बँकांतून नोटा काढल्या की बँकांची रिझर्व्ह बँकेकडची शिल्लक तेवढ्याने घटते. ती घट भरून काढण्यासाठी बँका एकमेकांकडून एका रात्रीपुरते कर्ज मागू लागतात आणि तो दर वर सरकू पाहतो. रिझर्व्ह बँक रेपोच्या खिडकीतून, म्हणजे सरकारी रोखे तारण घेऊन, थोड्या मुदतीसाठी पैसे देऊन किंवा बाजारातून सरकारी रोखे विकत घेऊन ती उणीव भरून काढते, त्यामुळे दर ठरवून दिलेल्या पट्ट्यात राहतो. म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत उभ्या रेषेने दाखवलेला, न हलणारा पैशाचा पुरवठा व्यवहारात उरलेलाच नाही; दर आधी ठरतो आणि त्या दराला जितका पैसा मागितला जाईल तितका पुरवला जातो. केन्स यांच्या आकृतीवर हा आक्षेप नेहमी घेतला जातो आणि अल्पमुदतीच्या दरापुरता तो मला पूर्ण मान्य आहे.

दक्षता हेतूची गोष्ट थोडक्यात सांगता येते, कारण त्याची परीक्षा आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोर झाली. 2020-21 हे करोनाचे पहिले वर्ष. देशाचे उत्पन्न त्या वर्षी आकसले, दुकाने महिनोन्महिने बंद होती आणि मोबाइलवरून पैसे देणे भाजीवाल्यापर्यंत पोहोचले होते. नुसत्या व्यवहार हेतूने पाहिले तर नोटांची गरज घटायला हवी होती. प्रत्यक्षात वापरातल्या नोटांचे मूल्य 16.8 टक्क्यांनी वाढले. उद्या रुग्णालय आधी रोख भरायला सांगेल, एटीएमपर्यंत जाता येणार नाही, पगार थांबेल, या धास्तीने लोकांनी कपाटात पैसे ठेवले. एवढी मोठी मागणी येऊनही व्याजदर वाढला नाही. मे 2020 मध्ये रेपो दर चार टक्क्यांवर आणला गेला होता, आणि बँकांकडे इतका पैसा ओसंडत होता की रात्रीपुरत्या कर्जाचा दर त्याच्याही खाली रेंगाळत राहिला. धास्तावलेल्या माणसाला नोटा हव्या होत्या, त्या मिळाल्या, आणि विषय तिथे संपला.

आता तिसऱ्या हेतूकडे वळू. तो समजण्यासाठी रोख्याची किंमत आणि व्याजदर यांचे व्यस्त नाते डोळ्यांपुढे हवे. मुद्दल कधीच परत न करता दरवर्षी चार पौंड देत राहणारा एक रोखा समजा. बाजारातला दीर्घ मुदतीचा दर चार टक्के असेल तर त्याची किंमत शंभर पौंड. दर 4.16 टक्के झाला, तर चार पौंडांच्या त्या वार्षिक उत्पन्नासाठी कोणी 96 पौंड आणि थोड्या पेन्सांपेक्षा जास्त देणार नाही. म्हणजे वर्षाचे व्याज चार पौंड मिळाले आणि मुद्दल जवळजवळ चार पौंडांनी उतरले. पैसा खिशात ठेवणारा आणि रोखा घेणारा सारख्याच पायरीवर आले. केन्स यांनी यातून एक चपखल नियम काढला: व्याजदर जितके टक्के असेल, वर्षभरात तो स्वतःच्या तितक्याच टक्क्यांनी वाढला, तर रोखा धरण्याचा सारा फायदा पुसला जातो. चार टक्क्यांना ही मर्यादा 0.16, तर दोन टक्क्यांना अवघी 0.04. दर जितका खाली, तितके रोखेधारकाच्या पायाखालचे फळकूट अरुंद.

आता ज्याला वाटते की दर वाढणार, तो रोखा विकून पैसा हाती धरतो आणि थांबतो; ज्याला वाटते की दर उतरणार, तो पैसा देऊन रोखा घेतो. पहिल्याचा पैसा किराण्यासाठी नाही आणि दवाखान्यासाठीही नाही. बाजारापेक्षा आपल्याला भविष्य अधिक कळते, असे त्याला वाटते म्हणून तो थांबलेला असतो. असे थांबणारे वाढले की रोख्यांच्या किमती पडतात, म्हणजेच दीर्घ मुदतीचा दर वाढतो. दर वाढणार या मतानेच दर वाढतो.

याची सर्वांत बोलकी कहाणी ब्रिटनमधली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर मजूर पक्षाचे सरकार आले आणि ह्यू डाल्टन अर्थमंत्री झाले. देशावर युद्धाचे प्रचंड कर्ज होते आणि पुनर्बांधणीसाठी आणखी हवे होते. तेव्हा दीर्घ मुदतीचा दर अडीच टक्क्यांवर आणून बसवायचा, असा त्यांनी निर्धार केला. केन्स यांच्या विचारातून सुचणारा उपाय हाताशी होता: पैशाचा पुरवठा वाढवा, दर उतरेल. ऑक्टोबर 1946 मध्ये अडीच टक्के व्याजाचा, 1975 पर्यंत परतफेडीचा तगादा नसलेला आणि त्यानंतरही केव्हा फेडायचा ते सरकारच्या मर्जीवर सोडलेला रोखा शंभर पौंडांना विक्रीस काढला गेला. लंडनच्या बाजाराने त्याचे नावच ‘डाल्टन’ ठेवले. त्यातला बराच भाग सरकारच्याच ताब्यातल्या निधींनी उचलला आणि काही काळ दर खरोखरच अडीच टक्क्यांच्या आसपास टेकला.

वरचा नियम इथे लावून पाहा. अडीच टक्क्यांचे अडीच टक्के म्हणजे 0.0625. वर्षभरात दर एक टक्क्याच्या सोळाव्या हिश्श्याने जरी वाढला तरी डाल्टन रोखा घेणाऱ्याचे व्याज बुडणार होते. आणि दर तिथेच टिकेल असे कोणाला वाटावे? लंडनच्या गुंतवणूकदाराने विसाच्या दशकात साडेचार-पाच टक्के पाहिले होते, तिशीत साडेतीन पाहिले होते. त्याच्या मनातला ‘सामान्य’ दर अडीचच्या पुष्कळ वर होता. म्हणून सरकार जसजसा पैसा ओतत गेले तसतसा तो रोख्यांत न जाता बँकांतल्या ठेवींत साचत गेला. लोकांनी सरकारला रोखे विकले आणि पैसा घेऊन थांबले.

1947 च्या हिवाळ्यात कोळशाचा तुटवडा पडला. जुलैत पौंड डॉलरमध्ये बदलून देण्याची मुभा सुरू झाली आणि गंगाजळी इतक्या वेगाने आटली की ऑगस्टमध्येच ती मुभा बंद करावी लागली. थांबलेल्या पैशाला वाट पाहण्याचे फळ मिळाले. वर्षअखेरीस दीर्घ मुदतीचा दर सुमारे तीन टक्क्यांवर होता, म्हणजे शंभराचा डाल्टन 83 च्या आसपास. सतरा पौंडांचा तोटा, अडीच पौंडांच्या वार्षिक व्याजापुढे जवळजवळ सात वर्षांची कमाई. नोव्हेंबरमध्ये डाल्टन मंत्रिपदावरून गेले, तेही रोख्यांमुळे नव्हे, तर अर्थसंकल्पातली माहिती भाषणाआधी एका पत्रकाराला सांगून बसल्यामुळे. रोखे मात्र लोकांकडे उरले. 1974 च्या महागाईत तोच रोखा वीस पौंडांच्याही खाली विकला जात होता.

या प्रकरणात मला महत्त्वाचे वाटते ते असे की पैशाचा पुरवठा कमी पडला म्हणून दर वाढला नाही. पुरवठा भरपूर होता. जुन्या मुंबईच्या कापसाच्या हंगामात जादा रुपये येताच दर उतरला असता. लंडनमध्ये जादा पैसा दिल्याने थांबणाऱ्यांना थांबणे अधिक सोपे झाले, आणि सरकारने इतका पैसा ओतला म्हणजे महागाई येणार, या शंकेने त्यांचे मत उलट पक्के झाले.

आपल्याकडचे उदाहरण मी स्वतः पडद्यासमोर बसून पाहिले. नोव्हेंबर 2016 मधल्या नोटाबंदीनंतर लोकांची रोकड बँकांत येऊन पडली होती आणि बँकांकडे तिला वाट नव्हती. दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचे यील्ड, म्हणजे त्या किमतीला मिळणारा परतावा, साडेसहाच्याही खाली आले होते. 8 फेब्रुवारी 2017 ला दुपारी अडीच वाजता पतधोरण जाहीर व्हायचे होते आणि रेपो दर पाव टक्क्याने कमी होईल अशी बहुतेकांची अपेक्षा होती. दर सव्वासहा टक्क्यांवर तसाच ठेवला गेला. पण खरा घाव दुसऱ्याच वाक्यात होता: धोरणाची भूमिका आता ‘अनुकूल’ नसून ‘तटस्थ’ असेल. यापुढे दर उतरत जाणार नाहीत, असा त्याचा अर्थ सर्वांनी एकाच क्षणी लावला.

आमच्या खोलीत कोणी ओरडले नाही. बेंचमार्क रोख्यावर खरेदीचे भाव एकेक करून पडद्यावरून मागे घेतले गेले आणि काही क्षण नुसते विक्रीचेच भाव दिसत राहिले. शेजारचा सहकारी फोन कानाला लावून ‘बिड नाहीये, बिडच नाहीये’ एवढेच म्हणत होता. संध्याकाळपर्यंत यील्ड पाव टक्क्याहून अधिक वर गेले. 6.97 टक्के व्याजाच्या त्या रोख्याची किंमत शंभरामागे सुमारे दोन रुपयांनी उतरली, म्हणजे साडेतीन महिन्यांचे व्याज एका दुपारी गेले. त्या दुपारी व्यवस्थेतला एकही रुपया कमी झाला नव्हता आणि रेपो दरही जागचा हलला नव्हता. केन्स यांनी नेमके हेच लिहिले आहे की सर्वांचे मत एकाच दिशेने, एकाच वेळी बदलले तर फारशी देवघेव न होताच दर हलतो. व्यवहार होतात ते मतभेद असतात म्हणून. ‘बिड नाही’ याचा अर्थ त्या घटकेला कोणाचेही दुसरे मत नाही, असा होता.

मग सामान्य घर या तिसऱ्या हेतूत कुठे बसते? आपल्याकडे बचत जाते ती प्रामुख्याने मुदत ठेवीत, आणि मुदत ठेवीला बाजारभाव नसतो. दर वाढले तर ठेव मोडून नव्या दराने ठेवता येते; बँक फार तर अर्धा-एक टक्का दंड म्हणून कापते. रोखेधारकाला सतरा पौंडांचा तडाखा बसतो तिथे ठेवीदाराला फक्त हा दंड बसतो. त्यामुळे ‘दर आणखी वाढतील, सध्या सहा महिन्यांचीच ठेव करू’ असे म्हणणारा निवृत्त मास्तर विचार अगदी सट्टेवाल्यासारखा करत असला, तरी घाबरून पळण्याचे कारण त्याला कधीच नसते. तो धोका बँक स्वतःच्या अंगावर घेते, कारण त्याच ठेवीतून तिने दहा वर्षांचे सरकारी रोखे घेतलेले असतात. दीर्घ मुदतीचा दर ठरवणारे मत म्हणूनच कोट्यवधी ठेवीदारांचे नसते. बँका, विमा कंपन्या आणि म्युच्युअल फंड यांच्या खोल्यांत बसलेल्या काही शे लोकांचे असते.

केन्स यांनी एक टोकाची शक्यताही मांडली होती: दर इतका खाली जाईल की जवळजवळ प्रत्येकाला तो वाढणारच असे वाटेल, आणि मग कितीही पैसा ओतला तरी तो हातातच साचेल. असे प्रत्यक्षात घडल्याचे उदाहरण आपल्याला माहीत नाही, असेही त्यांनी 1936 सालीच प्रांजळपणे लिहून ठेवले. डाल्टन यांचा रोखा विक्रीला निघाला तेव्हा केन्स यांना जाऊन सहा महिने झाले होते.